मापाचा बॉयलर सूट

बॉयलर सूट टेबलावर उताणा पसरला की तो कोणत्या अंगासाठी कापलाय हे मास्तरांना लगेच कळतं. हिंदमाताच्या कापडबाजारामागच्या गल्लीत त्यांचं एका माणसाच्या रुंदीचं दुकान आहे. समोर आंबेडकर रोडवर साड्यांची आणि ड्रेस मटेरियलची दुकानं रांगेनं उभी आहेत. आत मात्र मास्तर वर्षानुवर्षं गणवेश शिवतात. शाळांचे, वॉचमनचे, हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयचे आणि अधूनमधून बोटीवर जाणाऱ्या पोरांचे. त्यांनी नारिंगी सुटाच्या खांद्यावर टेप ठेवला, अठरा इंच म्हणाले आणि समोर उभ्या मुलीकडे पाहिलं. तिचा शोल्डर साडेचौदा भरला.

मुलगी माझ्या शेजारणीची भाची. मेकॅनिकल इंजिनीअरिंग झाल्यावर तिनं एक वर्षाचा मरीन इंजिनीअरिंगचा कोर्स केला, सीडीसी काढली आणि ट्रेनी इंजिनीअर म्हणून सहा महिने एका मालवाहू जहाजावर काढले. आता ती एमईओ क्लास फोरच्या परीक्षेची तयारी करते आहे. पास झाली की चौथी इंजिनीअर म्हणून पुढच्या जहाजावर चढेल. तिचं, जहाजाचं आणि कंपनीचंही नाव इथे देत नाही. पहिल्या जहाजावर जे झालं त्यात कोणा एकाचा दोष शोधण्यापेक्षा ते घडलं कसं हे बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते कळायला या टेबलावरच्या सुटापासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

कंपनीनं तिला एम साइजचे दोन सूट दिले होते. एस मागायचा ना, असं मी म्हटलं, तर मास्तरांनीच उत्तर दिलं. पुरुषाच्या मापाचा एस घेतला तर बसताना सीट आवळते आणि शोल्डर तरीही दोन इंच जास्तच राहतो. पुरुषाचा सूट खांद्याला रुंद आणि सीटला अरुंद कापलेला असतो. तो लहान केला तरी त्याचा घाट तोच राहतो. शिवाय शर्ट-पँट वेगळी असेल तर वरचं माप वेगळं घेता येतं, खालचं वेगळं. एकसंध सुटात ते जमत नाही. इथे महत्त्वाचं माप म्हणजे खांद्यावरून निघून पुढून खाली, आसनाखालून मागे आणि पाठीवरून परत खांद्याला येणारा पूर्ण वेढा. मास्तरांनी तो मुलीवर मोजला, मग सुटावर मोजला. नऊ-दहा इंचांचा फरक. त्यातले तीन-चार इंच हालचालीसाठी मोकळे ठेवावेच लागतात, बाकीचे सहा निव्वळ लोंबतात. म्हणजे आसन तीन इंच खाली येतं.

आसन तीन इंच खाली आलं की काय होतं ते मास्तरांनी लगेच दाखवलं. त्यांनी लाकडी स्टूल पुढे सरकवलं आणि तिला त्यावर पाय ठेवायला सांगितलं. पायलट लॅडरच्या, म्हणजे जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीच्या, दोन पायऱ्यांमधलं अंतर नियमानं 31 ते 35 सेंटिमीटर असतं. स्टूल साधारण तेवढंच उंच होतं. गुडघा अर्ध्यावर गेला आणि कापड मांड्यांमध्ये ताणलं गेलं. पाय उचलायचा तर तिला एका हातानं सूट वर ओढून धरावा लागला. शिडीवर दोन्ही हात दोराला हवे असतात.

“इंजिन रूममध्ये पण हेच,” ती म्हणाली. “सगळीकडे उभ्या लोखंडी शिड्या. मी कमरेला दोरी बांधायचे. मग कोणीतरी म्हणायचं, दोरी सोड, अडकेल कशात तरी.”

आणि म्हणणारा बरोबरच होता. फिरत्या शाफ्टजवळ, लेथजवळ, ग्राइंडरजवळ लोंबती दोरी, सैल बाही किंवा दुमडलेला कफ चालत नाही. तिच्या बाह्या तीन इंच लांब होत्या, म्हणून ती त्या दुमडायची. पायाची मोहरीही बाहेरून दुमडलेली. वेल्डिंगची ठिणगी नेमकी अशा बाहेरच्या घडीत जाऊन बसते, म्हणून वर्कशॉपमध्ये ती घडी बघितली की सेकंड इंजिनीअर ओरडायचा. न दुमडावं तर पायाखाली येते. सहा महिने तिनं हेच केलं. वर्कशॉपमध्ये शिरताना मोहरी सोडायची, बाहेर पडताना परत दुमडायची.

बुटांची गोष्ट याहून साधी. कंपनीच्या यादीत सेफ्टी शूजचा आकडा सहापासून सुरू होत होता, तिला चार लागतो. दोन जोड मोजे घालून तिनं भागवलं. इंजिन रूममध्ये चाळीस-पंचेचाळीस अंश तापमानात जाड मोज्यांचे दोन जोड काय करतात ते तिच्या टाचांवर अजून दिसतं.

पण मला खरी गोष्ट पुढे कळली, आणि ती टाचेच्या फोडांपेक्षा गंभीर आहे.

प्रत्येक ट्रेनी इंजिनीअरकडे एक जाड वही असते. प्रशिक्षण आणि मूल्यमापनाची ही नोंदवही, जहाजावर सगळे तिला टार बुक म्हणतात. कोणतं काम पाहिलं, कोणतं हातानं केलं, कधी केलं हे तिच्यात लिहायचं आणि वरच्या इंजिनीअरची सही घ्यायची. प्युरिफायर उघडून साफ करणं, इंधनाचा फिल्टर बदलणं, पंप खोलणं अशी कामं त्यात असतात. मोठ्या इंजिनाच्या दोन कामांना त्यात वजन आहे. एक, स्कॅव्हेंज स्पेसची तपासणी. सिलिंडरच्या खालच्या भागातली ही हवेची पोकळी. इंजिन थांबवून, थंड करून, हवा खेळती करून तिच्यात रांगत शिरायचं आणि पोर्टमधून बॅटरीच्या उजेडात पिस्टनच्या रिंगा बघायच्या. रिंग तुटली आहे का, अडकली आहे का, लायनरवर ओरखडे आहेत का, तेल जास्त येतंय की कमी. दुसरं, क्रँककेसची तपासणी. तिथे आत जाण्याआधी सगळे खिसे रिकामे करायचे असतात, कारण आत पडलेलं पेन किंवा तुटलेलं बटण पुढे बेअरिंगपर्यंत जाऊ शकतं.

या दोन्ही कामांच्या वेळी सेकंड इंजिनीअरनं तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या मुलाला आत पाठवलं. तो दुष्ट माणूस नव्हता, असं तीच सांगते. दुमडलेल्या बाह्या, कमरेला दोरी, मोठे बूट अशा अवतारातल्या माणसाला अरुंद तेलकट जागेत पाठवायचं नाही हा त्याचा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबर होता. “तू बाहेरून टॉर्च धर,” तो म्हणाला. तिनं टॉर्च धरला. टार बुकमध्ये ‘पाहिलं’ या रकान्यात सही झाली, ‘केलं’ हा रकाना कोरा राहिला. पुढच्या बंदरात हेच, त्याच्या पुढच्याही.

आता ती तोंडी परीक्षेची तयारी करते आहे. मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटचा सर्व्हेयर समोर बसून विचारणार की स्कॅव्हेंजमध्ये शिरण्याआधी काय काय करशील, चिकटलेली रिंग आणि तुटलेली रिंग यांत फरक कसा ओळखशील. पुस्तकातलं उत्तर तिला पाठ आहे. रिंगेवर लाकडाची पट्टी दाबली की मोकळी रिंग किंचित आत जाते, अडकलेली हलत नाही, हे तिला माहीत आहे. पण ती पट्टी तिनं स्वतः दाबलेली नाही. अनुभवी सर्व्हेयरला हा फरक दोन प्रश्नांत कळतो. उद्या ती अडखळली तर मुलींना इंजिनातलं जमत नाही असं म्हणायला कोणीतरी मोकळा होईल, आणि सुटाचं माप कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

जगभरात प्रमाणपत्रधारक स्त्री दर्यावर्दी 2021च्या बिमको आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंगच्या अहवालात 24,059 होत्या. एकूण दर्यावर्दींच्या 1.28 टक्के. 2015पेक्षा हा आकडा जवळजवळ निम्म्यानं वाढलेला होता, तरीही एका जहाजावरच्या वीस-बावीस माणसांत सरासरीनं एकही बाई येत नाही. आपल्याकडे सोनाली बॅनर्जी 1999मध्ये मरीन इंजिनीअर झाल्या, देशातल्या पहिल्या. शिपिंग कॉर्पोरेशनच्या कॅप्टन राधिका मेनन यांनी 2015च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात बुडत्या बोटीवरच्या सात मच्छीमारांना वाचवलं आणि पुढच्या वर्षी समुद्रावरच्या शौर्याचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. 2021च्या मार्चमध्ये त्याच कंपनीचं ‘स्वर्ण कृष्णा’ हे तेलवाहू जहाज जेएनपीटीतून फक्त स्त्री अधिकाऱ्यांना घेऊन निघालं. या गोष्टी मुलींना ठाऊक आहेत, त्यांच्या जोरावरच त्या घरच्यांशी भांडून येतात. या मुलीनंही आईला राधिका मेनन यांचा फोटो दाखवला होता. मात्र ज्या जहाजावर ती चढली तिथल्या स्टोअरच्या यादीत तिच्या मापाचा बूट नव्हता, आणि तो कोणी मागवायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

खरं तर आता कायदा आहे. सागरी कामगार कराराच्या 2022च्या दुरुस्त्या 23 डिसेंबर 2024पासून लागू झाल्या. त्यांत संरक्षक साहित्य योग्य मापाचं असलं पाहिजे, हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्या वर्षभर आधी, 2023मध्ये, ऑल अबोर्ड अलायन्स या जहाज कंपन्यांच्या गटानं 115 स्त्री दर्यावर्दींशी बोलून पंधरा मुख्य अडचणी मांडल्या, त्यांतही न बसणारे कपडे आणि साधनं होतीच. म्हणजे अडचण माहीत आहे आणि नियमही झाला आहे. अडतं ते मधल्या टप्प्यावर. नवीन माणूस जहाजावर चढवताना कंपनीचा क्रूइंग विभाग एक फॉर्म भरून घेतो. त्यात बॉयलर सूटची साइज या एका ओळीत एस, एम, एल, एक्सएल असे चार चौकोन. मुलीनं त्यात काय लिहावं?

मास्तरांनी दुरुस्ती सुरू केली होती. आधी कमरेची शिलाई पूर्ण उसवली. वरच्या भागाच्या खालून तीन इंच कापायचे, मग परत जोडायचं. पण समोरून चेन जाते, तीही तीन इंच कमी करावी लागते. धातूची चेन वरून कापून तिच्या टोकाला नवा अडसर ठोकावा लागतो, नाहीतर रनर निघून हातात येतो. शोल्डर कमी करायचा तर बाही पूर्ण सोडून परत बसवायची, त्याला सगळ्यात जास्त वेळ. मोहरी आतून दुमडून शिवायची, बाहेर घडी ठेवायची नाही, हे मुलीनं दोनदा बजावलं.

जुना सूट दुरुस्त होईलच, पण तिला एक नवा हवा होता. त्यासाठी तिनं शेजारच्या दुकानातून 58 इंच पन्ह्याचं जाड सुती कापड सव्वातीन मीटर घेतलं होतं. मास्तरांनी ते आधी रात्रभर भिजवून, वाळवून मग कापायचं ठरवलं. जहाजावरच्या लाँड्रीत गरम पाणी आणि ड्रायर असतो; न भिजवलेलं सुती कापड तिथे पहिल्याच धुण्यात आटतं आणि महिनाभरापूर्वी नीट बसलेला सूट आखूड होतो.

नव्या सुटात तिनं मागच्या बाजूला, कमरेच्या शिलाईच्या जागी, आडवी चेन मागितली. मास्तर थांबले. हे कशासाठी ते त्यांना कळेना. तिनं न लाजता सांगितलं. एकसंध सूट घालून बाईला संडासला जायचं तर समोरची चेन उघडून, बाह्या काढून, सगळा सूट गुडघ्यापर्यंत उतरवावा लागतो. इंजिन कंट्रोल रूमजवळच्या संडासात जमीन ओली आणि तेलकट असते, बाह्या त्यात पडतात. म्हणून ती कामाच्या वेळी पाणीच कमी प्यायची. चाळीस अंशांच्या वर, घामानं निथळत असताना. दुसऱ्या महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, सेकंड ऑफिसरनं जहाजावरच्या औषधपेटीतून गोळ्या दिल्या. आजारी म्हणून दोन दिवस काम चुकलं, त्याचीही कुजबुज झाली.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता कागदावर आकृती काढली. आडवी चेन दोन्ही बाजूंच्या शिलाईपर्यंत, तिच्यावर दीड इंचाची पट्टी. पट्टी आतूनही हवी, कारण बॉयलरजवळ धातू तापतो आणि कमरेला चिकटतो. वाकल्यावर पाठ उघडी पडू नये म्हणून पट्टीला टिचबटण नको, ते सुटतं, वेल्क्रो हवं. मुलगी म्हणाली, वेल्क्रोत तेलाचा कचरा भरतो. मग दोघांचं वेल्क्रो नको, आतून लपवलेली दोन बटणं यावर एकमत झालं. बटणं आतल्या बाजूला असल्यानं क्रँककेसमध्ये तुटून पडण्याचा धोकाही कमी. अंगाबेतानं शिवणाऱ्या माणसासमोर कामाची गरज नीट मांडली की उत्तर पाऊण तासात निघतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कंपनीकडे हे कोणी मांडलेलंच नव्हतं.

या उत्तराला एक मोठी मर्यादा आहे आणि ती मुलीनंच सांगितली. पुढचं जहाज तिला तेलवाहू मिळण्याची शक्यता आहे. तिथे साधा सुती सूट पुरत नाही, आग न पकडणाऱ्या कापडाचा, स्थिर वीज साठू न देणारा सूट लागतो. तो हिंदमाताला आणून उसवायचा नाही. मास्तरांच्या मशिनला पॉलिस्टरचा दोरा असतो, आगीत तो वितळतो आणि शिवण उघडते; शिवाय कापल्यावर त्या सुटाच्या प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही. त्या सुटाचा दोराही खास असतो. म्हणजे तेलवाहू जहाजावर योग्य माप उत्पादकाकडूनच यावं लागतं, आणि त्यासाठी ऑर्डर आधी जावी लागते. बुडण्याच्या वेळी घालायच्या इमर्शन सुटाचं तर आणखीच निकडीचं. तो कोणाच्याही मदतीशिवाय दोन मिनिटांत घालता आला पाहिजे असा नियम आहे. फार मोठा असेल तर चेहऱ्याभोवतीची कड चिकटून बसत नाही आणि गार पाणी आत शिरतं. सरावाच्या दिवशी तो अंगावर चढवून बघितला तरच हे कळतं, भिंतीवर लटकवून ठेवलेल्या पिशवीवरून कळत नाही.

मास्तरांनी मग तिची सगळी मापं सेंटिमीटरमध्ये एका कागदावर उतरवून दिली. उंची, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, पूर्ण वेढा, बुटाचा आकडा, हातमोज्यांसाठी पंजाचा घेर. हा कागद ती कंपनीला मेल करणार आहे. माझ्या मते फॉर्ममध्ये हाच कागद असायला हवा, आणि तो जहाजावर चढण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी भरून घ्यायला हवा. पुरुषांसाठीही. बुटकी, बारीक, फार उंच मुलंही बोटीवर असतात आणि तीही बाह्या दुमडतात.

परतताना हिंदमाताच्या पुलाखाली आम्ही चहा प्यायलो. तिथे तिनं दुसरी गोष्ट सांगितली, जी दुकानात सांगितली नव्हती.

सहा महिन्यांसाठी जाताना तिनं शंभर-सव्वाशे सॅनिटरी पॅड बॅगेत भरली होती. जहाजाच्या स्लॉप चेस्टमध्ये, म्हणजे कप्तानाकडच्या छोट्या दुकानात, सिगरेट, चॉकलेट, साबण, दाढीची ब्लेड मिळतात. पॅड मिळत नाहीत. चौथ्या महिन्यात पुरवठा संपत आला, आणि जहाज जिथे लागलं तिथे किनाऱ्यावर जायची परवानगी नव्हती. शेवटी एका बंदरातल्या एजंटला सामानाची यादी द्यायची होती, तिच्यात हे लिहावं लागणार होतं. यादी चीफ ऑफिसरकडून कप्तानाकडे आणि तिथून ऑफिसला जाते. तिनं ते ‘मेडिकल’ असं लिहिलं. एजंटनं बँडेजचे रोल पाठवले.

वापरलेल्या पॅडचं काय करायचं हेही कोणी सांगितलं नव्हतं. जहाजावरचे संडास बहुधा व्हॅक्यूमवर चालतात, पाइप जेमतेम दोन इंचांचा. त्यात पॅड गेलं की ती लाइन तुंबते, व्हॅक्यूम उतरतो आणि त्या मजल्यावरचे सगळेच संडास बंद पडतात. पाइप खोलायला इंजिनीअरच येतात, म्हणजे तिच्याच खात्याचे लोक. समुद्रात टाकणं तर गुन्हाच. पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं आणि मार्पोल नियमांप्रमाणे प्लॅस्टिक कुठल्याही समुद्रात कधीही टाकता येत नाही. उरतं ते वेगळं साठवणं, इन्सिनरेटरमध्ये जाळणं किंवा बंदरात उतरवणं, आणि गार्बेज रेकॉर्ड बुकमध्ये कचऱ्याची नोंद. ती कागदात गुंडाळून केबिनमध्ये ठेवायची आणि रात्री इन्सिनरेटरच्या पिशवीत तळाशी सरकवायची. कामाला घाबरत नसलेली मुलगी या एका गोष्टीसाठी महिन्यातून पाच दिवस चोरासारखी वावरत होती.

याचा इलाज एका डब्याचा आहे. स्त्रीच्या केबिनच्या बाथरूममध्ये झाकणाचा डबा, त्याच्यासाठी ठरलेल्या रंगाची पिशवी आणि कचरा व्यवस्थापन आराखड्यात एक ओळ. स्लॉप चेस्टच्या यादीत दोन-तीन आकारांची पॅड, आणि ती मागवण्यासाठी कोणाच्या सहीची गरज नसावी. ज्या जहाजावर आज एकही बाई नाही तिथेही हे असलं पाहिजे, कारण बदली माणूस ऐन वेळी चढतो आणि मग यादी बदलायला वेळ नसतो.

केबिनचा प्रश्न जुन्या जहाजांवर चिकट आहे. सागरी कामगार करारात स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या झोपण्याच्या खोल्या आणि वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. पण बांधणीबद्दलचे नियम करार लागू झाल्यानंतर बांधलेल्या जहाजांनाच लागतात, आणि भारतासाठी तो 2016च्या ऑक्टोबरात लागू झाला. जुन्या जहाजावर ट्रेनीच्या केबिनला स्वतःचं बाथरूम नसेल तर निदान तिला बाथरूम असलेली रिकामी केबिन द्यावी. पायलटसाठी किंवा जादा अधिकाऱ्यासाठी राखलेली केबिन बहुतेक जहाजांवर असते. दाराला आतून कडी असावी. मास्टर की कोणी, कधी, कशासाठी घेतली याची नोंद ब्रिजवरच्या रजिस्टरमध्ये व्हावी. या मुलीच्या जहाजावर ती नोंद होत नव्हती आणि तिनं पहिले दोन महिने खुर्ची दाराला लावून झोप काढली. काही घडलं नाही. पण अलार्म वाजला की झोपेतून उठून खाली पळायचं असतं, त्या माणसाची झोप खुर्चीवर अवलंबून राहावी हे इंजिनाच्याही हिताचं नाही.

आणि काही घडलं असतं तर? मी विचारलं. जहाजावर तक्रारीची पद्धत असते, तिची प्रत नोकरीच्या करारासोबत हातात द्यावी लागते, थेट कप्तानाकडे किंवा जहाजाबाहेरही जाता येतं. किनाऱ्यावर प्रत्येक कंपनीचा एक नेमलेला अधिकारी असतो, डीपीए, त्याचा नंबर जेवणघराच्या भिंतीवर असतो. छळ आणि लैंगिक छळ रोखण्याचं प्रशिक्षण प्रत्येक दर्यावर्दीच्या मूलभूत शिक्षणाचा भाग करणारी एसटीसीडब्ल्यूची दुरुस्ती 1 जानेवारी 2026पासून लागू झाली. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरीही ती म्हणाली की तक्रार करायची तर फोन कुठून करायचा? सॅटेलाइट फोन ब्रिजवर, तिथे कायम कोणीतरी उभं. वायफायचं कार्ड कप्तान देतो, किती वापरलं तोही बघू शकतो. शिवाय भीती ही की तक्रार झाली की पुढच्या बंदरात आधी मुलीलाच उतरवतात, तिच्या भल्यासाठी म्हणून, आणि सहा महिन्यांचा सी-टाइम तिथेच तुटतो.

या भीतीवरचे तीन उपाय मला तिच्याशी बोलताना पटले आणि तिन्ही कंपनीच्या हातात आहेत. तक्रारीसाठी किनाऱ्यावरच्या एका नेमक्या व्यक्तीशी बोलायला कप्तानाच्या नजरेबाहेरची जोडणी हवी. तक्रारदाराला तिच्या इच्छेविरुद्ध उतरवायचं नाही, आणि उतरवावंच लागलं तर उरलेला सी-टाइम दुसऱ्या जहाजावर पगारासह पुरा करून द्यायचा, हे करारात लिहिलेलं हवं. आणि मुलीला एकटी चढवू नये. दोघी असल्या की केबिन ठरवणं, यादीत पॅड लिहिणं, रात्री खाली उतरणं, सगळंच सोपं होतं, आणि एखादीला काम जमलं नाही तर ते तिचं एकटीचं अपयश राहतं, सगळ्या बायकांचं होत नाही. शक्यतो दोघींपैकी एक वरच्या हुद्द्याची असावी. तेवढ्या वरिष्ठ स्त्रिया अजून नाहीत हे खरं आहे, म्हणून निदान दोन ट्रेनी एकत्र. कंपनीला दोन बर्थ एकाच जहाजावर मोकळे ठेवावे लागतात, त्यात क्रूइंगवाल्यांची ओढाताण होते. ती करायची तयारी आहे की नाही यावर बरंच ठरतं.

आणखी एक गोष्ट तिनं स्वतःहून सांगितली आणि तिचा सूर त्या वेळी जरा चढला. रात्री इंजिन रूममध्ये माणूस नसतो, अलार्म वाजला की ड्यूटीवरचा इंजिनीअर एकटा खाली जातो. तिची रात्र असली की सेकंड इंजिनीअर तिच्यासोबत मोटरमन पाठवायचा. काळजीपोटी. पण ड्यूटीचा भार एकट्यानं सांभाळणं हीच चौथ्या इंजिनीअरची पायरी आहे, आणि ठरावीक मिनिटांनी बटण दाबलं नाही तर वर घंटा वाजवणारी यंत्रणा एकट्या माणसासाठीच बसवलेली असते. पुरुष ट्रेनीला शेवटच्या महिन्यात एकटं सोडत होते. तिला नाही. त्याही रकान्यात सही झाली नाही.

कंपनीनं काय करावं असं मला कोणी विचारलं तर मी आधी टार बुकं मागवून बघायला सांगेन. एकाच जहाजावरच्या मुलाचं आणि मुलीचं टार बुक शेजारी ठेवायचं, तिसऱ्या महिन्यात आणि पाचव्या महिन्यात, आणि कोणत्या कामांपुढे मुलीचा रकाना कोरा आहे ते बघायचं. स्कॅव्हेंज, क्रँककेस, रात्रीची एकट्याची ड्यूटी, डेकवर असेल तर मूरिंग आणि टाकीत उतरणं. कोऱ्या रकान्यामागं कारण एकच असेल असं नाही. कुठे सूट बसत नसेल, कुठे सोबत नको तिथे सोबत असेल, कुठे मुलीलाच नको वाटलं असेल. पण सही नसलेला रकाना समोर असला की सेकंड इंजिनीअरला फोन करून नेमकं विचारता येतं, आणि अजून महिना हातात असतो. परीक्षेच्या खोलीत ते कळून उपयोग नाही.

तिच्या तोंडी परीक्षेची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर ती एका ओळखीच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये, जिथे दुरुस्तीला आलेले जुने पिस्टन पडून असतात, शनिवारी जाते. तिथे रिंगेवर लाकडी पट्टी दाबून बघते. नवा सूट गुरुवारी मिळेल म्हणाले मास्तर. तो घालून पुन्हा स्टुलावर पाय ठेवायचा, उकिडवं बसायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि तेव्हा कुठे ताणतंय ते बघून मगच पक्की शिलाई मारायची असं त्यांचं ठरलं आहे.